वेळापत्रकात शेवटचे चार तास बसतच नाहीत, तेव्हा

तक्रार दर जूनमध्ये सारखीच असते. मोठ्या तक्त्यावर ४०५ पैकी ४०१ तास बसलेले असतात आणि हातात चार चिठ्ठ्या उरतात. त्या बसवायला दोन हलवाव्यात तर दुसऱ्या दोन बाहेर पडतात. संध्याकाळपर्यंत हा खेळ चालतो. मग कुठल्या तरी तुकडीचा एक विषय आठवड्याला एक तास कमी करून वेळापत्रक एकदाचं लावलं जातं, आणि फेब्रुवारीत त्याच तुकडीचा त्याच विषयाचा अभ्यासक्रम अपुरा राहतो.

चिठ्ठ्या हलवत बसण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. उरलेले तास दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात जागा असते, फक्त सापडत नाही. दुसऱ्या प्रकारात जागा मुळातच नसते, म्हणजे आपणच घातलेल्या नियमांमुळे ते तास गणितानेच अशक्य झालेले असतात. हा दुसरा प्रकार वाटतो त्याहून फार जास्त आढळतो, आणि तिथे कितीही अदलाबदल केली तरी उपयोग शून्य. कोणता प्रकार आहे ते कागद-पेन्सिलीने अर्ध्या तासात कळतं.

आधी खूण ओळखा

तक्ता एकदा मोडून पुन्हा लावा, किंवा FET सारखा मोफत प्रोग्राम वापरत असाल तर तो दोन-तीनदा चालवा. दर वेळी काय उरतं ते लिहून ठेवा.

दर वेळी तुकड्या वेगळ्या पण शिक्षक तोच उरत असेल, तर त्या शिक्षकावर घातलेला एखादा नियम अशक्य आहे. एकाच इयत्तेचे वेगवेगळे विषय उरत असतील, तर त्या इयत्तेचे समांतर तास, म्हणजे सगळ्या तुकड्यांना एकाच वेळी लागणारे तास, उशिरा बसवले गेले आहेत. आणि दर वेळी काहीतरी वेगळंच, एखाद-दुसरं उरत असेल, तर जागा आहे, तक्ता फक्त घट्ट झालाय. अशा वेळीच अदलाबदलीला अर्थ आहे.

पुढचं सगळं एका नमुना शाळेवर करून पाहू. आठवी ते दहावी, प्रत्येकी तीन तुकड्या, एकूण नऊ. सोमवार ते शुक्रवार रोज ८ तास, शनिवारी ५, म्हणजे आठवड्याला ४५. प्रत्येक तुकडीला मराठी ६, हिंदी किंवा संस्कृत ५, इंग्रजी ७, गणित ७, विज्ञान ७, इतिहास-भूगोल ६, शारीरिक शिक्षण ३, कला २ (नववी-दहावीत स्वविकास व कलारसास्वाद), जलसुरक्षा किंवा कार्यशिक्षण १, ग्रंथालय १. बेरीज ४५. शिक्षक तेरा: गणित, विज्ञान, इंग्रजी आणि समाजशास्त्राचे दोन-दोन, भाषेचे तीन, क्रीडाशिक्षक एक आणि कलाशिक्षक एक. मुख्याध्यापक आणि पर्यवेक्षकांचे तास यात धरलेले नाहीत.

कलाशिक्षकाचे चार तास

कलाशिक्षक संस्थेच्या दोन शाळांत वाटून दिलेले आहेत. इथे ते मंगळवार, गुरुवार आणि शनिवार येतात. त्यांचे तास ९ × २ = १८, आणि त्या तीन दिवसांच्या चौकटी ८ + ८ + ५ = २१. म्हणजे जागा आहे असं दिसतं, आणि बहुतेक जण मोजणी इथेच थांबवतात.

पण चित्रकलेला जोडतास हवा, कारण रंग काढून पुन्हा आवरण्यातच पंधरा मिनिटं जातात. म्हणजे १८ तास नव्हे, ९ जोड्या बसवायच्या आहेत. जोडतासाच्या मध्ये सुट्टी येऊन चालत नाही, त्यामुळे सुट्ट्या कुठे आहेत ते आता महत्त्वाचं ठरतं. या शाळेत दुसऱ्या तासानंतर छोटी सुट्टी, चौथ्यानंतर मधली सुट्टी आणि सहाव्यानंतर पाण्याची सुट्टी आहे. म्हणून दिवसाला चार जोड्या मिळतात: १-२, ३-४, ५-६, ७-८. शनिवारी तिसऱ्या तासानंतर सुट्टी आहे, तिथे दोन जोड्या. एकूण ४ + ४ + २ = १०. हव्यात ९. अजूनही बसतं, पण एकाच जोडीची सैल जागा उरली.

आता एक जुना, कुणी न विचारता चालत आलेला नियम: पहिल्या दोन तासांत कला नको, ते मुख्य विषयांना. हा नियम घातला की मंगळवारची एक जोडी गेली, गुरुवारची एक गेली आणि शनिवारीही एक गेली, कारण १ आणि २ वगळल्यावर सुट्टीआधी एकटा तिसरा तास उरतो. राहिल्या ३ + ३ + १ = ७ जोड्या. हव्यात ९. दोन जोड्या, म्हणजेच ते हातात उरलेले चार तास.

इथे नेहमीचे दोन उपाय सुचवले जातात आणि दोन्ही चालत नाहीत. पहिला उपाय जोडतास मोडून एकेक तास करण्याचा. पण पहिले दोन तास वगळले की कलाशिक्षकाला मंगळवारी ६, गुरुवारी ६ आणि शनिवारी ३ अशा १५ चौकटीच उरतात. तास १८. जोड्या मोडूनही तीन तास बाहेरच. दुसरा उपाय तास थोडे लहान करून सोमवार ते शुक्रवार नववा तास काढण्याचा. त्याने कलाशिक्षकाला मंगळवारी एक आणि गुरुवारी एक अशा दोन चौकटी वाढून मिळतात, १५ च्या १७ होतात. तरी एक तास कमीच, आणि त्यासाठी सगळ्या शाळेची घंटा बदलावी लागते.

म्हणजे पहिल्या दोन तासांचा नियमच काढायला हवा. तोही अर्धवट काढू नका. फक्त मंगळवारी आणि शनिवारी सूट दिली तर ९ ला बरोबर ९ जोड्या मिळतात, पण एकही सैल नाही. एखाद्या इयत्तेचे समांतर तास त्यावर आले की पुन्हा अडलं. तिन्ही दिवशी सूट द्या, म्हणजे १० जोड्या राहतील. तेही नको असेल तर दुसऱ्या शाळेशी बोलून कलाशिक्षकाचा आणखी एक अर्धा दिवस मागून घ्या. तिसरा मार्ग नाही. आणि सकाळी पहिल्या तासाला चित्रकला झाली म्हणून आठवी ब चं गणित बिघडलं, असं काही होत नाही.

याच हिशेबावरून सुट्ट्यांची जागाही तपासून घ्या. रोजच्या सुट्ट्या तिसऱ्या आणि सहाव्या तासानंतर ठेवल्या तर १-३ मध्ये एक, ४-६ मध्ये एक आणि ७-८ ही एक, अशा दिवसाला तीनच जोड्या होतात. आठवड्याला पाच जोड्या कमी. विज्ञानाच्या प्रयोगशाळेलाही हेच लागू, कारण ती बहुधा एकच असते. आठवीच्या पोषण आहारासाठी मधली सुट्टी वेगळ्या वेळी ठेवणाऱ्या शाळांनी तर जास्तच जपावं: आठवीचा पाचवा तास आणि दहावीचा पाचवा तास घड्याळात वेगळे पडले की दोन्हीकडे शिकवणारा शिक्षक अर्धा तास एका वर्गात अडकलेला आणि दुसऱ्या वर्गात गैरहजर असतो. तक्त्यावर हे दिसत नाही, कारण तक्त्यावर दोन्ही चौकटींवर ‘५’ च लिहिलेलं असतं.

गणित सकाळीच हवं

दुसरा अडथळा जवळजवळ प्रत्येक शाळेत असतो: गणित पहिल्या चार तासांतच. तुकडीच्या बाजूने पाहिलं तर अडचण नाही. पहिले चार तास × ६ दिवस = २४ चौकटी, गणित फक्त ७. पालकसभेत कुणी मागणी केली की मुख्याध्यापक हो म्हणून मोकळे होतात ते याच हिशेबावर.

शिक्षकाच्या बाजूने मोजा. गणिताच्या एका शिक्षकाकडे पाच तुकड्या, म्हणजे ३५ तास. त्याच्याही पहिल्या चारातल्या चौकटी २४ च. अकरा तास कुठेच बसणार नाहीत. दर वेळी वेगळ्या तुकडीचं गणित उरतं ते यामुळे.

त्यात शिक्षकाने सलग तीनपेक्षा जास्त तास घ्यायचे नाहीत हा नियमही असेल (आणि असावा), तर पहिले चारही तास त्याला एका दिवशी देताच येत नाहीत. चारातले तीन द्यायचे. मग २४ नव्हे, १८ चौकटी. पाच तुकड्यांत वाटल्या तर प्रत्येकीला तीन, वर तीन शिल्लक. म्हणून नियम असा लिहा: प्रत्येक तुकडीला सातपैकी किमान तीन गणिताचे तास पहिल्या चारात, आणि आठव्या तासाला आठवड्यातून जास्तीत जास्त एक. एवढंच वचन खरं करता येतं. उरलेले तीन सकाळचे तास कोणाला द्यायचे ते दर सत्रात बदला, नाहीतर ‘अ’ तुकडीला कायम सकाळ मिळते आणि ‘क’ ला कायम दुपार.

आता सलग तीनचाच नियम ३५ तासांवर लावून पाहू. आठ तासांच्या दिवसात सलग तीनच्या वर जायचं नसेल तर जास्तीत जास्त सहा तास घेता येतात; सात घेतले की एकच रिकामा तास राहतो आणि त्याच्या एका बाजूला किमान चार सलग येतातच. (छोट्या सुट्टीला इथे विश्रांती धरलेलं नाही. दहा मिनिटांत शिक्षक जिना उतरून वर येतो.) शनिवारी पाचपैकी जास्तीत जास्त चार. म्हणजे ५ × ६ + ४ = ३४. पस्तीसावा तास या नियमात बसूच शकत नाही. शिक्षकांनी तक्रार केली आणि वेळापत्रक समितीने महिनाभर प्रयत्न करूनही एक दिवस चार सलग येतच राहिले, तर त्यामागे कुणाचा दुजाभाव नसतो, हा एक जास्तीचा तास असतो.

उपाय भार वाटण्यात आहे. नववी आणि दहावीला गणिताचे भाग १ आणि भाग २ असे दोन स्वतंत्र भाग आहेत. पाच तुकड्या असणाऱ्या शिक्षकाची एक नववी किंवा दहावीची तुकडी घ्या, तिचे भाग १ चे चार तास त्याच्याकडेच ठेवा आणि भाग २ चे तीन तास दुसऱ्याला द्या. ३५ आणि २८ चे ३२ आणि ३१ होतात. विज्ञानाचेही दहावीला दोन भाग आहेत, तिथेही हेच करता येतं. इंग्रजीला असे भाग नाहीत. तिथे तुकडी दोघांत फोडण्यापेक्षा आठवड्यातून एक दिवस चार सलग मान्य करावेत आणि तो दिवस कोणता हे त्या शिक्षकालाच निवडू द्यावं. एकाच पाठ्यपुस्तकाला दोन शिक्षक दिले की टाचण, वह्या आणि गुण या तिन्हींत गोंधळ होतो, आणि एका तासाच्या सोयीसाठी तो परवडत नाही.

एकाच इयत्तेचे तुकड्या-तुकड्यांनी उरलेले तास

हिंदी किंवा संस्कृत निवडायची मुभा असली की तिन्ही तुकड्यांची मुलं मिसळतात. नववी अ, ब, क च्या संस्कृतच्या मुलांना एका वर्गात आणि हिंदीच्या मुलांना दोन वर्गांत बसवायचं, म्हणजे त्या तासाला तिन्ही तुकड्या आणि तिन्ही भाषाशिक्षक एकाच वेळी मोकळे हवेत. आठवड्याला पाच वेळा. तीन इयत्तांचे मिळून १५ तास, आणि शिक्षक तेच असल्यामुळे हे पंधरा एकमेकांवर येता कामा नयेत.

हे शेवटी बसवायला घेतलं की संपलं. प्रत्येक तुकडीच्या ४५ पैकी ३० चौकटी भरून झाल्या असतील आणि रिकाम्या चौकटी कुठेही पसरल्या असतील, तर तिन्ही तुकड्यांत एकाच वेळी रिकामी अशी चौकट सरासरी एक-दोनच सापडते (४५ भागिले २७). हव्यात पाच. मग एकेका तुकडीचे इंग्रजी, भूगोल, विज्ञान असे बसलेले तास उपटून जागा केली जाते, आणि त्याच इयत्तेचे भलतेच विषय हातात उरतात.

म्हणून कोऱ्या तक्त्यावर पहिल्या चिठ्ठ्या या पंधराच. सोमवार ते शुक्रवार रोज प्रत्येक इयत्तेचा एक, म्हणजे रोज तीन, शनिवार मोकळा. दुसऱ्या क्रमाला कलेच्या जोड्या, तिसऱ्याला विज्ञानाचे प्रात्यक्षिकाचे जोडतास. मंगळवार-गुरुवारी एवढंच पाहायचं की समांतर तासामुळे एकाच इयत्तेच्या दोन-दोन जोड्या मोडत नाहीत ना. मग ज्यांचा भार ३० च्या वर आहे ते शिक्षक, त्यानंतर बाकीचे, आणि सगळ्यात शेवटी शारीरिक शिक्षण, ग्रंथालय, कार्यशिक्षण. भाषाशिक्षकांचा भार १५ समांतर आणि तीन तुकड्यांचं मराठी १८, एकूण ३३. त्यांच्या मराठीला ३० चौकटी उरतात, तिथे अडचण येत नाही.

वर्गशिक्षकाला त्याच्या वर्गावर पहिला तास हवा हा नियम कुठे घालायचा असा प्रश्न येईल. हजेरी परिपाठालाच घेता येते. तो नियम नऊ शिक्षकांना एका चौकटीत बांधतो, आणि भाषाशिक्षक वर्गशिक्षक असतील तर पहिला तास समांतर तासांसाठी बादच होतो. आठवड्यातून चार दिवस म्हणा, सहा नको.

तास लहान करण्याआधी

नववा तास काढण्यासाठी तास ३५ चे ३० मिनिटांचे करायचा मोह होतो. त्याआधी वर्षाची बेरीज करा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० अध्यापन तास आहेत. या शाळेत आठवी आहे, आणि घंटा सगळ्यांना एकच.

४५ तास × ३५ मिनिटं म्हणजे आठवड्याला सव्वासव्वीस घड्याळी तास. २२० दिवस म्हणजे सहा दिवसांचे सुमारे ३६.७ आठवडे. गुणाकार ९६२ च्या आसपास येतो. म्हणजे एकही दिवस बुडाला नाही तरी ही शाळा आधीच कमी पडतेय. तास ३० मिनिटांचे आणि दिवसाला नऊ केले, शनिवार होता तसा ठेवला, तर रोजची मिनिटं २८० वरून २७० वर येतात. तक्त्यावर चौकटी वाढतात आणि शिकवण्याचा वेळ घटतो.

उलटं करा. मधल्या सुट्टीआधीचे चार तास ४० मिनिटांचे, नंतरचे चार ३५ चे. रोज ३०० मिनिटं, शनिवारी १७५. आठवड्याला १६७५ मिनिटं, वर्षाला साधारण १०२३ तास. दिवस असा पडतो: ११ ला परिपाठ, ११:१५ ला पहिला तास, १२:३५ ला दहा मिनिटं, २:०५ ला अर्ध्या तासाची मधली सुट्टी, ३:४५ ला पाच मिनिटं पाण्याला, ५ ला सुटका. तास वाढला नाही, चौकट वाढली नाही, त्यामुळे बसवलेल्या वेळापत्रकाला हातही लावावा लागत नाही.

बसलं, आता मोडून पाहा

तक्ता लागला की बदली रजिस्टर उघडण्याआधी एक चाचणी घ्या. या शाळेत कोणत्याही तासाला नऊ तुकड्यांवर नऊ शिक्षक असतात. म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवारी (कलाशिक्षक नसताना) प्रत्येक तासाला बरोबर तीन शिक्षक मोकळे असतात, बाकीच्या दिवशी चार. हा आकडा वेळापत्रक करणाऱ्याला बदलता येत नाही. ते तीन कोण, एवढंच त्याच्या हातात.

सोमवार घ्या. प्रत्येक तासाखाली मोकळ्या तिघांची नावं लिहा. त्यात तिन्ही भाषेचेच असतील तर गणिताचा शिक्षक रजेवर गेल्यावर तो तास फक्त सांभाळला जाईल, शिकवला जाणार नाही. गणित-विज्ञानातला किमान एक जण प्रत्येक तासाला मोकळा ठेवणं चौघांचा भार ३२-३१ असताना जमतं: आठ तासांच्या दिवसात चौघांचे मिळून नऊ-दहा रिकामे तास असतात, ते एकावर एक न येता पसरायचे. मग शक्य तितक्या तासांना एक नाव ‘राखीव’ म्हणून आधीच ठरवून फलकावर लावा आणि एका शिक्षकाला आठवड्यात राखीव तास दोनपेक्षा जास्त देऊ नका. ४५ चौकटी आणि तेरा शिक्षक असल्यामुळे हे सगळ्या तासांना पुरणार नाही; दोन शिक्षक एकाच दिवशी रजेवर गेले की तिसरा मोकळा शिक्षकच शेवटचा. म्हणून ३५ तास असणाऱ्या इंग्रजीच्या शिक्षकांना राखीव यादीतून वगळा आणि क्रीडाशिक्षकाला, ज्यांचे मूळ तास २७ आहेत, त्यांना चार द्या. तिथे दोनच्या मर्यादेला हा एक अपवाद, आणि तो आधी बोलून, लिहून घ्यावा. ज्या चौकटींना राखीव नाव उरत नाही त्यांत शनिवारचा चौथा-पाचवा तास आधी धरा. त्या वेळी दोन तुकड्या ग्रंथालयात एकत्र बसवता येतात.